पाच दिवसांच्या व्याजाला लूट म्हणू नका

माझ्या भाच्याने मागच्या पावसाळ्यात नाशिकमध्येच नोकरी बदलली. जुन्या कंपनीत पगार 1 तारखेला व्हायचा, नव्या कंपनीत 7 तारखेला होतो. घरकर्जाचा हप्ता 5 तारखेला. म्हणजे नव्या पगाराच्या दोन दिवस आधी. त्याने बँकेत अर्ज केला आणि हप्ता 10 तारखेला नेऊन घेतला. पुढच्या आठवड्यात त्याचा फोन आला. आवाज चढलेला. "मामा, नुसती तारीख बदलायचे अडीच हजार घेतले हो! हप्ता तेवढाच, महिने तेवढेच, मग हे जास्तीचं व्याज कसलं? ऑफिसात सगळे म्हणतायत, सरळ लूट आहे, तक्रार ठोकून दे."

मी कर्ज विभागात उमेदीची वर्षं घालवली, आता निवृत्त आहे. त्यामुळे बँकेची वकिली करण्यात माझा काही फायदा नाही, आणि बँकांचे सगळे डाव मला माहीत आहेत असाही नातेवाइकांचा समज आहे. पण "ही लूट आहे" हे वाक्य मी गेली कित्येक वर्षं ऐकतो आहे. काउंटरच्या आतून ऐकलं, आता बाहेरून ऐकतो. ते चुकीचं आहे. चुकीचं असूनही मी सोडून दिलं असतं, पण त्या वाक्यामुळे माणसं नको त्या आकड्याशी भांडतात आणि ज्याच्याशी भांडायला हवं तो आकडा शेजारी निवांत बसून राहतो. भाच्याच्या खात्यावर नेमकं हेच झालं होतं. ते पुढे सांगतो.

आधी त्यांचा मुद्दा घेऊ, आणि तो त्यांच्या बाजूने जितका भक्कम मांडता येईल तितका मांडू. शिल्लक कर्ज 20 लाख, व्याज 9 टक्के, उरलेली मुदत 20 वर्षं, हप्ता 17,995 रुपये. तारीख बदलायच्या आधी 240 हप्ते भरायचे होते, बदलल्यावरही 240च भरायचे आहेत. हप्त्याची रक्कम एका रुपयानेही बदलली नाही. त्या 17,995 रुपयांत त्या त्या महिन्याचं व्याज धरलेलंच असतं. मग 2,466 रुपयांचं हे वेगळं व्याज आलं कुठून? ऐकायला बिनतोड वाटतं.

खोट आहे ती "महिने तेवढेच" या शब्दांत. हप्ते तेवढेच आहेत, महिने तेवढे नाहीत. भाच्याने शेवटचा जुना हप्ता 5 जुलैला भरला. पुढचा 5 ऑगस्टला येणार होता, तो आता 10 ऑगस्टला आला. मधे एक महिना गेला आणि वर पाच दिवस गेले. 10 ऑगस्टच्या हप्त्यात व्याज आहे ते एका महिन्याचंच. उरलेल्या पाच दिवसांत बँकेचे 20 लाख त्याच्याकडेच होते, आणि त्या पाच दिवसांचं व्याज कुठल्याच हप्त्यात बसलेलं नाही. बँकेच्या भाषेत याला ब्रोकन पिरियड म्हणतात, म्हणजे पूर्ण महिना न भरणारे तुटक दिवस. हिशेब पाटीवर मांडता येईल इतका सोपा आहे. 20 लाखांवर 9 टक्क्यांनी वर्षाचं व्याज 1,80,000. त्याला 365 ने भागलं की दिवसाचे 493 रुपये 15 पैसे. पाच दिवसांचे 2,466. बँकेने घेतले तेवढेच.

गंमत म्हणजे हेच व्याज कर्ज मिळालं त्या महिन्यातही त्याने भरलं होतं. तेव्हा कुणी लूट म्हटलं नाही, कारण लक्षातच आलं नाही. कर्जाचे पैसे समजा 18 जूनला मिळाले आणि हप्त्याची तारीख 5 असली, तर बहुतेक ठिकाणी पहिला पूर्ण हप्ता 5 ऑगस्टला येतो आणि 18 जून ते 5 जुलै या 17 दिवसांचं व्याज वेगळं घेतलं जातं. 20 लाखांवर ते 8,384 रुपये होतात. पुष्कळदा ही रक्कम कर्जाच्या पहिल्या चेकमधूनच वळती करून घेतात. घराच्या चाव्या हातात येण्याच्या आनंदात आठ हजार चालतात, आणि तारीख बदलताना अडीच हजार खुपतात. माणसाचा स्वभाव आहे, त्याला इलाज नाही.

"ठीक आहे मामा, पण माझा फायदा काय झाला? पाच दिवस उशिरा भरायला मिळालं, एवढंच ना?"

एवढंच. आणि त्या "एवढंच"ची किंमत नेमकी 2,466 आहे. हे जरा सावकाश बघायला हवं, कारण सगळ्या वादाची गाठ इथे आहे. तारीख पुढे गेली ती एका हप्त्याची नाही, 240 हप्त्यांची गेली. दर महिन्याला 17,995 रुपये त्याच्या खात्यात पाच दिवस जास्त राहणार. 17,995 वर पाच दिवसांचं 9 टक्क्यांनी व्याज होतं सुमारे 22 रुपये. म्हणजे बँक त्याला पुढची 20 वर्षं दर महिन्याला 22 रुपयांची सवलत देते आहे. ही 240 महिन्यांची 22-22 रुपयांची माळ आजच्या किमतीत मोजली, म्हणजे कर्जाच्याच 9 टक्के दराने मागे आणली, तर बेरीज येते 2,466. रुपयाला रुपया जुळतो. हा योगायोग नव्हे, एकच हिशेब दोन टोकांकडून केला आहे. त्याने काही गमावलं नाही. 20 वर्षांच्या सवलतीचे पैसे एकरकमी भरले, इतकंच.

म्हणून कर्ज संपत आलं असेल तर हे व्याजही किरकोळ असतं. शिल्लक 2 लाखांवर आली असेल तर त्याच पाच दिवसांचे 247 रुपये. दंड असता तर तो दोघांना सारखा बसला असता. हे शिल्लक रकमेबरोबर कमी होतं, कारण ते व्याजच आहे.

आता माझ्या मते जो खरा घोटाळा आहे तिकडे येतो. घोटाळा म्हणजे फसवणूक नव्हे, गैरसमज. भाच्याच्याच ऑफिसातल्या एकाने दुसऱ्या बँकेतून कर्ज घेतलं आहे, आणि त्यानेही तारीख बदलून घेतली. तो सगळ्यांना सांगत सुटला होता की आमच्या बँकेने एक पैसा घेतला नाही. भाच्याचा संताप त्याच्यामुळेच दुप्पट झाला होता.

पैसा घेतला नाही, म्हणजे त्या वेळी घेतला नाही. तुटक दिवसांचं व्याज वसूल करायच्या तीन रीती आहेत. पहिली, ते लगेच रोख घ्यायचं किंवा पुढच्या एका हप्त्यात मिळवून घ्यायचं. भाच्याकडून असं घेतलं. दुसरी, ते शिल्लक कर्जात मिळवायचं आणि हप्ता जरासा वाढवायचा. आपल्या उदाहरणात हप्ता 17,995 चा 18,017 होतो. तिसरी, ते शिल्लक कर्जात मिळवायचं, हप्त्याला हात लावायचा नाही आणि शेपूट मुदतीच्या टोकाला जोडायचं. ऑफिसातल्या त्या गृहस्थांच्या बाबतीत बहुधा हे झालं असणार. शिवाय ज्या कर्जांत व्याज रोजच्या शिल्लक रकमेवर मोजतात, तिथे तर वेगळी नोंदही दिसत नाही. हप्ता पाच दिवस उशिरा जमा होतो, दर महिन्याच्या व्याजात 22 रुपये जास्त पडतात, मुद्दल तेवढं कमी फिटतं आणि सगळा हिशेब मुकाट्याने शेवटाकडे ढकलला जातो.

रुपयांत बघा. पहिल्या रीतीत 2,466 भरले, विषय संपला. दुसऱ्या रीतीत महिन्याला 22 रुपये, 240 महिन्यांत सुमारे 5,300. तिसऱ्या रीतीत त्या 2,466 वर 20 वर्षं चक्रवाढ चढते. महिन्याला पाऊण टक्का, 240 वेळा. रक्कम सहापट होते. 240 वा हप्ता भरून माणूस हुश्श करतो तेव्हा खात्यावर सुमारे 14,800 रुपये उरलेले असतात, आणि 241 वा हप्ता निघतो.

बँकेच्या गणितात तिन्ही रीती सारख्याच आहेत, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. आजचे 2,466 आणि 20 वर्षांनंतरचे 14,800 हे 9 टक्क्यांच्या दोरीने बांधलेले एकच पैसे आहेत. ज्याच्या हाताशी आज खरोखर अडीच हजार नाहीत, त्याने तिसरी रीत घेतली तर मी त्याला मूर्ख म्हणणार नाही. पण नोकरी बदलून पगार वाढलेला माणूस 2,466 ला लूट म्हणतो आणि 14,800 ला फुकट म्हणतो, याला काय म्हणावं? सर्वांत कमी रुपये जिथे जातात तिथे आरडाओरडा, आणि सर्वांत जास्त जातात तिथे बँकेचं कौतुक. त्यात बँकेचा शहाणपणा एवढाच की तिने आकडा दाखवला नाही. या लूट-लूट ओरडण्याचा एक परिणाम मी काउंटरच्या आत राहून पाहिला आहे. चार ग्राहक येऊन भांडले की वरून निरोप येतो, वेगळी नोंद दाखवू नका, मुदतीत जिरवून टाका. भांडणाऱ्यांचं समाधान होतं आणि त्यांच्याच खिशातून सहापट जातात.

इथवर मी बँकेच्या बाजूने बोललो असं वाटेल. आता दुसरी बाजू, कारण "तारीख बदलणं ही आम्ही दिलेली सोय आहे, तक्रार कसली" असं म्हणणारे शाखाधिकारीही मला ठाऊक आहेत, आणि त्यांचंही सगळं खरं नाही.

तारीख पुढे नेली तर जादा दिवसांचं व्याज द्यायचं, हे तत्त्व मान्य. मग तारीख मागे आणली तर कमी दिवसांचं व्याज कमी व्हायला नको का? हप्ता 15 तारखेचा 5 तारखेवर आणला आणि बँकेने पुढचा हप्ता लगेच 5 ला घेतला, तर मधे 20-21 दिवसच गेले. तरी त्या हप्त्यात व्याज पूर्ण महिन्याचं धरलं तर 10 दिवसांचे 4,932 रुपये बँकेने न दिलेल्या वेळेचे घेतले. ही मात्र लूट आहे, तिला दुसरं नाव नाही. रिझर्व्ह बँकेने 29 एप्रिल 2024 च्या परिपत्रकात नेमक्या याच वृत्तीवर बोट ठेवलं. महिन्याच्या मधेच कर्ज दिलं किंवा फिटलं तरी पूर्ण महिन्याचं व्याज लावायचं, करार किंवा मंजुरीच्या तारखेपासूनच व्याज सुरू करायचं, असे प्रकार तपासणीत आढळल्याचं त्यात लिहिलं आहे, आणि जिथे आढळलं तिथे जादा घेतलेलं व्याज परत करायला लावल्याचंही. परिपत्रकात हप्त्याची तारीख बदलण्याचा वेगळा उल्लेख नाही. पण पैसे जितके दिवस वापरले तितक्याच दिवसांचं व्याज, हे तत्त्व तिथे लागू आणि इथे नाही असं कुणी म्हणू शकत नाही. पुढे नेताना दिवस मोजता, मागे आणताना महिना मोजता, हे चालणार नाही.

याहून सर्रास घडतं ते वेगळंच. तारीख मागे आणायचा अर्ज आला की काही ठिकाणी संगणक तारीख मागे आणतच नाही, पुढचा महिना गाठतो. 15 जुलैचा हप्ता भरलेल्या माणसाने 5 तारीख मागितली, तर 5 ऑगस्ट सोडून थेट 5 सप्टेंबर देतात. मधले तुटक दिवस मग 21 होतात आणि त्यांचं व्याज 10,356 रुपये. एक महिना हप्ता नाही म्हणून माणूस खूश, आणि नंतर दहा हजारांची नोंद बघून बँकेत धावतो. इथेही व्याज दिवसांप्रमाणे बरोबरच असतं, पण निवड त्याची नव्हती. अर्जावर "नवी तारीख 5" एवढंच न लिहिता "नव्या तारखेचा पहिला हप्ता 5 ऑगस्ट" असं लिहिलं असतं, तर हा प्रसंग आलाच नसता. दिवस मोजतानाही एकदा बोटावर मोजून घ्यावेत. 5 ते 10 हे पाच दिवस. दोन्ही टोकं धरून सहा मोजल्याची एक नोंद मी माझ्याच शाखेत दुरुस्त केली आहे.

आता भाच्याच्या खात्याकडे. त्याने रागाने ओळ वाचून दाखवली, "ब्रोकन पिरियड इंटरेस्ट 2,466." मी म्हटलं, पूर्ण वाच. त्याखाली तारीख बदलण्याचं शुल्क 500 होतं, त्यावरचा जीएसटी 90 होता. आणि आणखी एक ओळ होती, जीएसटी 444.

"हा कशाचा?"

"माहीत नाही, टॅक्स असेल."

2,466 चे 18 टक्के म्हणजे 444. बँकेने व्याजावर जीएसटी लावला होता. ऑफिसातल्या सगळ्यांनी मिळून ज्या 2,466 विरुद्ध आघाडी उघडली होती ती रक्कम चोख होती, आणि जी 444 ची ओळ सरळ चूक होती तिच्याकडे एकानेही पाहिलं नव्हतं. कर्जावरच्या व्याजाला जीएसटी नाही. कर लागू झाला त्याच वेळी, जून 2017 च्या अधिसूचनेत, ही सूट दिलेली आहे. अपवाद एकच, क्रेडिट कार्डाच्या व्यवहारातलं व्याज. कार्डावर फ्रिज किंवा मोबाइल हप्त्याने घेतला तर त्या व्याजावर 18 टक्के लागतात, आणि माझा अंदाज असा की गोंधळ तिथूनच आला असावा. तारीख बदलण्याचं शुल्क ही सेवा आहे, त्यावर जीएसटी रास्त आहे, म्हणून 90 रुपये बरोबर. पण तुटक दिवसांचं व्याज संगणकात "शुल्क" या रकान्यात टाकलं गेलं की कर आपोआप लागतो. एका रकान्याची चूक. एका माणसाला 444 ची, आणि असे किती अर्ज वर्षभरात येत असतील ते बँकेलाच ठाऊक.

त्या 500 रुपयांबद्दलही एक गोष्ट. 1 ऑक्टोबर 2024 पासूनच्या नव्या किरकोळ कर्जांना प्रमुख तथ्य विवरण देणं बंधनकारक आहे, कर्जदाराला कळणाऱ्या भाषेत. त्यात जे शुल्क लिहिलेलं नाही ते कर्जदाराच्या स्पष्ट संमतीशिवाय कर्जाच्या पूर्ण मुदतीत घेता येत नाही. म्हणजे तारीख बदलण्याचं शुल्क त्या कागदावर नसेल तर बँकेने आधी विचारायला हवं. भाच्याच्या अर्जाच्या तळाला बारीक अक्षरात 500 रुपये लिहिले होते आणि त्याखाली त्याची सही होती. तेव्हा तिथे बोलायला जागा नव्हती. ते त्यालाही पटलं, जरा नाराजीने.

आता काही लोक यावर एक शेवटचा मुद्दा काढतात, आणि त्यात तथ्य आहे. पगाराची तारीख कामगाराच्या हातात नसते. कंपनी 7 ला देते, 10 ला देते, कधी त्याहून उशिरा देते, आणि त्याची किंमत कामगाराने का मोजावी? रास्त प्रश्न आहे, पण तो बँकेला विचारायचा नाही. वेतन प्रदान अधिनियम, 1936 ने हजारांहून कमी कामगार असलेल्या ठिकाणी 7 तारखेच्या आत आणि मोठ्या ठिकाणी 10 तारखेच्या आत पगार, अशी मर्यादा घातली, आणि आपल्या औद्योगिक वसाहतींमध्ये 7 आणि 10 या तारखा तिथूनच रुजल्या. घरकर्जाचे हप्ते मात्र 5 तारखेभोवती गर्दी करतात, जणू सगळ्यांचा पगार 1 ला होतो. कर्ज घेतानाच "माझा पगार 7 चा, मला 10 तारीख द्या" असं सांगणारा माणूस मी सगळ्या नोकरीत मोजक्याच वेळा पाहिला. आपल्याकडच्या पगारदार नोकरांच्या पतसंस्थांनी हा प्रश्न कधीच सोडवून टाकला आहे. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम 49 प्रमाणे मालक पगारातूनच हप्ता कापून संस्थेला देतो. पगार उशिरा झाला तर हप्ताही उशिरा, बाउन्स व्हायचा प्रश्न नाही. बँकेला ती सोय नाही. तिचा हप्ता खात्यावर येऊन टकटक करतो, पैसे असोत वा नसोत.

आणि ही टकटक सकाळी लवकर होते. म्हणून ज्यांना वाटतं की पगाराच्याच तारखेवर हप्ता ठेवला की काम झालं, त्यांच्याशीही माझं भांडण आहे. नाच, म्हणजे ज्या यंत्रणेतून दुसऱ्या बँकेचा हप्ता खात्यातून जातो, ती 1 ऑगस्ट 2021 पासून रविवारी आणि सुटीच्या दिवशीही चालते. कंपनीचा पगार विभाग रविवारी चालत नाही. 7 तारखेला रविवार आला, हप्ता सकाळी येऊन परत गेला आणि पगार सोमवारी दुपारी पडला, हे मी पाहिलं आहे. एका फेरीत दोन बँकांचे बाउन्स चार्ज लागले आणि कर्ज खात्यावर थकीत दिवस मोजायला सुरुवात झाली. भाच्याने 7 नव्हे, 10 मागितली याबद्दल मी त्याची पाठ थोपटली. मधले तीन दिवस सुटीसाठी ठेवलेले असतात. त्यांची किंमतही त्याच 2,466 मध्ये आलेली आहे.

तारीख बदलताना पहिला महिना सर्वांत नाजूक असतो. हप्ता खेचायची यादी बँकेकडून आधीच निघालेली असते. त्यामुळे 3 तारखेला अर्ज देऊन 5 चा हप्ता चुकेल असं मानणाऱ्याचा हप्ता 5 लाच येतो आणि परत जातो. जुना हप्ता भरल्यावर चार-पाच दिवसांत अर्ज द्यावा, बँकेचं लेखी उत्तर येईपर्यंत जुन्या तारखेला पैसे ठेवावेत, आणि खातं दुसऱ्या बँकेत असेल तर जुन्या मॅन्डेटवर नवी तारीख चालेल की नवं मॅन्डेट द्यावं लागेल हे विचारून घ्यावं. भाच्याने हे सगळं बरोबर केलं होतं. फक्त उत्तर वाचलं नव्हतं.

भाच्याला मी एक पानाचा अर्ज लिहून दिला. त्यात "लूट" हा शब्द नव्हता. दोन वाक्यं होती: तुटक कालावधीचं 2,466 रुपये व्याज मला मान्य आहे, त्यावर आकारलेला 444 रुपये जीएसटी कर्जावरील व्याजाला लागू नसल्यामुळे तो परत जमा करावा आणि दुरुस्त विवरण द्यावं. पोच म्हणून दुसऱ्या प्रतीवर शिक्का घ्यायला सांगितला. तो जरा हिरमुसला. त्याला अडीच हजारांची लढाई हवी होती, मी त्याला साडेचारशेची दिली.

अकराव्या दिवशी 444 रुपये खात्यात परत आले. ऑफिसातल्या त्या दुसऱ्या गृहस्थांना मी निरोप पाठवला आहे की बँकेतून परतफेडीचा नवा तक्ता मागून घ्या आणि शेवटच्या पानावर हप्ते किती आहेत ते मोजा. त्यांनी अजून मागितलेला नाही.